झेंडा कुठला, गाव कुठलं

या आठवड्यात आमच्या फुलचूरच्या व्हॉट्सॲप गटावर एका मुलाचा फोटो फिरत होता. गोंदिया स्टेशनवर एकटा सापडलेला, आठ-नऊ वर्षांचा, अंगात आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट. ‘कुठला आहे, ओळखा’ एवढंच खाली लिहिलेलं. तासाभरात तीन शाळांची नावं आली आणि प्रत्येकाने ती छातीठोकपणे सांगितली. दोघे तर मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन धडकले. मुलगा संध्याकाळी आपल्या घरी पोचला. घर होतं तिरोड्याकडच्या एका गावात, त्या तीन शाळांपैकी एकीशीही त्याचा संबंध नव्हता, आणि शर्ट मामेभावाचा होता.

मला राग आला तो चुकीच्या शाळांच्या नावांचा नव्हे. फोटो मोठा करून कुणी पाहिलाच नाही, याचा. खिशाच्या वर बोटभर रुंदीचा एक चौकोन बाकीच्या शर्टापेक्षा गडद दिसत होता आणि त्याच्या कडेने सुईच्या छिद्रांची ओळ होती. तिथला शाळेचा बिल्ला उसवून काढलेला होता. बिल्ला काढलेला शर्ट म्हणजे एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर आलेला शर्ट. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. मोठ्याचा धाकट्याला, धाकट्याचा मामाकडे, आणि पार विटला की रोवणीच्या चिखलात.

शिवाय तो रंग. पूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेचा गणवेश शाळा व्यवस्थापन समिती ठरवायची, म्हणून शेजारच्या दोन गावांतली मुलं लांबूनही वेगळी ओळखू यायची. 2024-25 साली ‘एक राज्य, एक गणवेश’ आला आणि राज्यभरच्या सरकारी शाळांतल्या मुलांना हाच आकाशी शर्ट, हीच गडद निळी पँट मिळाली. शिलाई आणि उशिराबद्दल इतक्या तक्रारी झाल्या, की डिसेंबर 2024 मध्ये सरकारने तो अधिकार पुन्हा समित्यांकडे दिला. म्हणजे त्या वर्षीचा शर्ट पाहून फार तर ‘महाराष्ट्र’ म्हणता येईल, आणि तेही जपून. कारण ही रंगजोडी कितीतरी खासगी शाळांतही आधीपासून आहे. गणवेश पाहिला की पहिला प्रश्न विचारावा, हा रंग ठरवला कुणी? गावाने ठरवला असेल तर तो गाव सांगेल. दिल्लीने ठरवला असेल तर देशापलीकडे काही सांगणार नाही. नवेगावबांधच्या नवोदय विद्यालयातली मुलं देशातल्या इतर नवोदयांसारखीच दिसतात. त्यातही नववीच्या काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या राज्यातल्या नवोदयात पाठवायची पद्धत आहे. तिथे शाळा बरोबर ओळखली तरी मुलगा तिथलाच असेल असं नाही.

त्याच फोटोवरच्या चर्चेत एकाने दुसराच फोटो टाकला. वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताकांच्या माळा, खाली खेळणारी मुलं, एकाच्या अंगात अर्जेंटिनाची जर्सी, आणि मथळा ‘लडाखची निरागस मुलं’. जर्सीचा विचार फार करायला नको. अर्जेंटिनाची असो की चेन्नईची पिवळी, ती बाजारात जिथे स्वस्त मिळते तिथली असते. भारताच्या क्रिकेट संघाची असेल तर छातीवरच्या प्रायोजकाचं नाव मात्र वाचावं. ‘बायजूज’ दिसलं तर फोटो 2019 च्या आधीचा नाही एवढं नक्की कळतं. नंतरचा किती, ते कळत नाही, कारण जर्सी फाटेपर्यंत वापरली जाते.

मला त्या फोटोतल्या पताकांनी धरून ठेवलं. निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी, या क्रमाने ओवलेली एकेका रंगाची छोटी कापडं, त्यांवर छापलेले मंत्र. तिबेटी प्रार्थनापताका. पलीकडे एका काठीवर पांढरा हिमपर्वत, दोन सिंह आणि लाल-निळ्या किरणांचा झेंडाही होता. तिबेटचा झेंडा. आता हा झेंडा दिसला की जाणत्या माणसाच्या मनात सगळ्यात आधी यायला हवं, की हा फोटो तिबेटमधला जवळपास नाहीच. चीनने तिथे त्या झेंड्यावर बंदी घातली आहे. उघड्यावर तो फडकतो निर्वासितांच्या वसाहतींत, आणि त्या सगळ्या काही हिमालयात नाहीत. कर्नाटकात बायलाकुप्पे आणि मुंडगोड, छत्तीसगडमध्ये मैनपाट, ओडिशात चंद्रगिरी, आणि आपल्या जिल्ह्यात गोठणगाव. 1972 सालापासून तिथे नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने पताका बघून लडाख म्हणावं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

याच जिल्ह्यात आणखी दोन झेंडे असेच फसवतात. बुद्धविहारांवरचा पंचशील ध्वज 1885 साली कोलंबोत पहिल्यांदा फडकला आणि आजही श्रीलंकेत जागोजागी दिसतो. बाहेरच्या माणसाला विदर्भातलं एखादं विहार श्रीलंकेतलं वाटू शकतं. दुरून तो तिबेटी पताकांसारखाही दिसतो, पण फरक सोपा आहे. पंचशीलाच्या एकाच कापडावर सगळे रंग पट्ट्यांनी येतात, तिबेटी माळेत प्रत्येक रंगाचं कापड वेगळं. दुसरा गोंडी समाजाचा सप्तरंगी ध्वज. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला तो दिसतो, आणि जत्रेला छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातूनही माणसं येतात. तो झेंडा समाज नेमका सांगतो. राज्य मात्र सांगत नाही.

मग तो ‘लडाख’चा फोटो मी नीट पाहिला. मागे डोंगर नव्हता, सपाट बांध्या होत्या आणि धुऱ्यांवर तूर उभी होती. लडाखात धान नाही, हे तिथेच संपलं. बायलाकुप्पेच्या भागात मका जास्त. मैनपाट तर पठारावर. पण धुऱ्यावरची तूर बालाघाटकडे आणि छत्तीसगडमध्येही असते, त्यामुळे एवढ्यावर गोठणगाव म्हणणं घाईचं होतं. उभ्या मोटरसायकलींत दोन एमएच 35 आणि एक सीजी 08. एकच गाडी दिसली असती, आणि नेमकी ती राजनांदगावची असती, तर माणूस राज्यच चुकला असता. आपल्या बाजारात बालाघाटची एमपी 50 सुद्धा रोज दिसते. गाडीचा नंबर एकटा कधी धरू नये, घोळक्यातला बहुसंख्य नंबर धरावा.

शेवटी कामाला आला तो कोपऱ्यातल्या दुकानाचा फलक. अर्धा झाकलेला, पण ‘ता. अर्जुनी/मोर.’ एवढं देवनागरीत स्पष्ट होतं. दुकानाचा फलक कुणी धाकट्याला देत नाही, जत्रेलाही नेत नाही. मी गटावर गोठणगाव लिहिलं. त्यावर एकाने तिबेटी वसाहतींची यादी शोधून पाठवली आणि विचारलं, यात तर भंडारा लिहिलंय. बरोबरच आहे. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला वेगळा झाला, पण ती वसाहत त्याआधीची. तिबेटी लोकांच्या नोंदींत ती अजून भंडाऱ्याचीच म्हणून येते. त्याला मी आधी नकाशात नवेगावबांध शोधायला सांगितलं, आणि तिथून गोठणगाव.