‘दुखावलं असेल तर’ म्हणजे माफी झाली का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातले सिल्लोडचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री अब्दुल सत्तार यांनी खासदार सुप्रिया सुळे यांच्याबद्दल कॅमेऱ्यासमोर शिवीचा शब्द वापरला. राज्यभर आंदोलनं झाली. मग सत्तार साहेबांचा खुलासा आला. त्याचा मतलब असा: मी महिलांबद्दल वाईट बोललोच नाही, पण कुणा भगिनींचं मन दुखावलं असेल तर खेद व्यक्त करतो.

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाची नजर आधी ‘तर’ या शब्दावर जाते. शब्द उच्चारला गेला, हे तर सगळ्यांनी ऐकलं होतं. तरी वाक्यात शंका कशावर? समोरच्याच्या दुखण्यावर! म्हणजे तुम्हाला लागलं नसेल, तर माझं काही चुकलंच नाही. कसूर बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याच्या नाजूक मनाकडे सरकला.

दुसरं, माफी कुणाची? शिवी एका बाईला दिली, खेद मात्र ‘महिला भगिनीं’कडे गेला. हक्कुल इबाद आपण मुलांना शिकवतो तेव्हा हेच सांगतो ना, की ज्याचं मन दुखावलं त्याच्याकडेच जायचं. शिवाय ‘खेद’ हा शब्दही सोयीचा आहे. पाऊस पडला नाही याचाही खेद वाटतो, त्यात आपली चूक असावी लागत नाही. आणि ‘मी बोललोच नाही’ म्हटल्यावर माफी उरते तरी कशाची?

आता ‘तर’ म्हटलं की बहाणाच, असंही नाही. हजला निघालेले चाचा दारोदार जाऊन ‘कहा-सुना माफ करना’ म्हणतात. वर्षानुवर्षांत कुणाला काय लागलं, हे त्यांना खरोखरच माहीत नसतं. तिथे मोघम बोलणं प्रामाणिक आहे. इथे शब्द, तारीख, व्यक्ती, सगळं माहीत होतं.

एप्रिल २०१३ आठवा. दुष्काळात धरणातल्या पाण्यावरून इंदापूरजवळ अजित पवार अत्यंत अश्लाघ्य बोलले होते. गदारोळ झाल्यावर त्यांनी ती आपली मोठी चूक असल्याचं मान्य केलं आणि कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. त्यात राजकारण होतं, असं कुणी म्हणेल, मीही नाही म्हणणार नाही. पण चूक कुणाची, हा प्रश्न तिथे उरला नाही.

सत्तार साहेबांचा मजकूर दुरुस्त करायचा तर तीन छोटी वाक्यं पुरली असती: ‘सुप्रियाताईंबद्दल मी शिवी वापरली. ते चुकीचं होतं. मी त्यांची माफी मागतो.’ मी हे वर्गात फळ्यावर लिहिलं, नावं गाळून. मुलांना म्हटलं, आता यात कुठेतरी ‘असेल तर’ बसवून दाखवा. मागच्या बाकावरचा एक जण बराच वेळ पाहून म्हणाला, ‘सर, जागाच नाही.’