शिक्का युनेस्कोचा, राखण आपली

अजिंठा आणि वेरूळ 1983 साली जागतिक वारसा यादीत गेले, भारताच्या अगदी पहिल्या नोंदींत. अशी नोंद युनेस्को आपणहून करत नाही. देशाने आधी स्थळ संभाव्य यादीत घालायचे, किमान वर्षभराने सीमा, बफर क्षेत्र आणि व्यवस्थापन आराखड्यासह प्रस्ताव पाठवायचा. मग इकोमॉसचे तज्ज्ञ तो तपासतात आणि 21 देशांची समिती निर्णय देते. पण लेण्यांपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे ती युनेस्कोमुळे नव्हे, आपल्याच पुरातत्त्व कायद्यामुळे. यादीत नसलेल्या बीबी का मकबऱ्यालाही तोच कायदा लागू आहे.

मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. दबावासाठी. नव्या पुलांच्या बांधकामामुळे हंपी 1999 मध्ये धोक्यातील यादीत गेली आणि 2006 मध्येच बाहेर आली. मात्र समितीचे शेवटचे अस्त्र नाव वगळण्याचे. पूल बांधणाऱ्या ड्रेस्डेनने 2009 मध्ये तेही पचवले. अजिंठ्याच्या चित्रांचा शत्रू तर आतच आहे: पर्यटकांच्या श्वासाची वाफ आणि निजामाच्या काळात जपणुकीसाठीच चढवलेले, पुढे पिवळे पडलेले लाखेचे रोगण. एका वेळी आत किती माणसे सोडायची, हे लेण्याच्या दारातच ठरवावे लागते.