बदल पटला नसताना

१ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. कागदावर ते एका दिवसात झाले. शाखांमध्ये पुढे बरेच महिने चालले. आमची शाखा सहा जणांची, मी प्रमुख. दोनशे पावलांवर मोठ्या बँकेची शाखा होती. आमची बंद होऊन तिच्यात जाणार, हे उघडच होते.

मला ते पटले नव्हते. आमच्याकडे बचत गटांची खाती पुष्कळ. मोठ्या शाखेच्या रांगेत या बायकांना कोण ओळखणार, ही माझी शंका. वरून सूचना मात्र अशी, की कर्मचाऱ्यांसमोर उत्साह दाखवा. प्रमुख बाई असली की आणखी एक अपेक्षा असते: घरातल्यासारखी सगळ्यांची समजूत काढायची. मला दोन्ही अमान्य. खोटा उत्साह सहा माणसांत अर्धा तासही टिकत नाही.

त्याऐवजी दर सोमवारी काउंटर उघडण्याआधी मी तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगत असे. काय ठरले आहे: संगणकावरची खाती कधी हलणार, त्या शनिवारी-रविवारी कोण थांबणार. काय ठरलेले नाही: बदल्या. आणि माझे मत, पण मत म्हणूनच. गटांबद्दलची शंका मी वर लेखी कळवली होती, तेही सांगितले.

हाताला काम मात्र असे दिले, की विलीनीकरण चांगले ठरो वा वाईट, ते उपयोगी पडेलच. गटाच्या अध्यक्षा-सचिव बदललेल्या, पण बँकेत सह्या जुन्यांच्या. खाते तसेच गेले असते, तर नव्या शाखेत पहिलाच चेक परत आला असता. मग एकेका गटाला बोलावून ठराव, फोटो, सह्या नव्याने घेतल्या.

बदल्यांचे अवघड होते. एका क्लार्कची दोन लहान मुले, नवरा परगावी. "मॅडम, मला लांब नाही ना टाकणार?" "नाही" म्हणणे सोपे होते, पण निर्णय माझा नव्हता. मी तिच्याकडून अर्ज घेतला: पसंतीच्या तीन शाखा, मुलांच्या शाळेच्या वेळा. माझ्या शिफारशीसह पाठवला, पोच घेतली आणि तिला म्हटले, पाळणाघर आतापासूनच बघ. मागितलेल्या तिन्ही शाखा मिळाल्या नाहीत. मिळाली ती बसने पाऊण तासावरची. पाळणाघर ठरलेले होते म्हणून ती रुजू होऊ शकली.

एका सोमवारी कोणी काहीच विचारले नाही. अशी शांतता मला तक्रारीपेक्षा धोक्याची वाटते. बदल्यांची यादी फुटल्याची अफवा होती आणि सगळे विभागीय कार्यालयातल्या ओळखींना फोन करत होते. मी सर्वांसमोर स्पीकरवर कार्यालयाला विचारले. यादी झालीच नव्हती.

गटांचे चेक नव्या शाखेत अडले नाहीत. रांग मात्र लांबली, आणि दोन गट पतसंस्थेकडे गेले. तेही मी वर लेखी कळवले आहे.