दुबईहून कायमचं परतताना हातात किती येणार? ग्रॅच्युइटीचा हिशेब पगारावर नाही, बेसिकवर होतो

खेड, दापोली, मंडणगड, गुहागर या तालुक्यांत कुठल्याही वाडीत गेलात तर दुबई-शारजाला कामाला असलेला एखादा तरी माणूस निघतोच. कुणी ड्रायव्हर, कुणी एसी मेकॅनिक, कुणी स्टोअरला. घरी एक आशा कायम असते, की "तो कायमचा येईल तेव्हा कंपनीचे पैसे मिळतील, मग घराचं उरलेलं काम करू." हे कंपनीचे पैसे म्हणजे नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी. ती किती मिळते हे मात्र बहुतेकांना शेवटच्या महिन्यात कळतं, आणि तेव्हा आकडा ऐकून धक्का बसतो.

संयुक्त अरब अमिरातीचा, म्हणजे दुबई, अबूधाबी, शारजा या सगळ्यांचा खाजगी कंपन्यांसाठीचा नवा कामगार कायदा 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. तेव्हापासून सगळे करार ठराविक मुदतीचे असतात. एक वर्ष सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क सुरू होतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचा पगार, आणि पाचच्या पुढच्या दर वर्षाला 30 दिवसांचा पगार. आधीच्या कायद्यात स्वतःहून राजीनामा दिला की रक्कम कापली जायची. आता ती कापाकापी राहिली नाही.

खरी मेख "पगार" या शब्दात आहे. इथे पगार म्हणजे शेवटचा बेसिक. राहण्याचा, जेवणाचा, प्रवासाचा भत्ता आणि ओव्हरटाइम यात धरत नाहीत.

एक उदाहरण मांडून बघू. एका कामगाराला महिन्याला 2,000 दिरहम मिळतात, पण करारात बेसिक 1,000 आणि बाकीचे 1,000 भत्ते असं लिहिलंय. त्याने आठ वर्षं नोकरी केली. पहिल्या पाच वर्षांचे 105 दिवस, पुढच्या तीन वर्षांचे 90 दिवस, एकूण 195 दिवस. 1,000 ला 30 ने भागलं तर एका दिवसाचे साधारण 33 दिरहम. म्हणजे 195 दिवसांचे 6,500 दिरहम. एका दिरहमला 23 रुपये धरले तर दीड लाखाला थोडे कमी. पगार तोच 2,000, पण बेसिक 1,500 लिहिला असता तर हीच रक्कम 9,750 दिरहम झाली असती. महिन्याचा पगार दोन्हीकडे सारखाच, म्हणून सही करताना हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यामुळे एजंट "पगार दोन हजार" म्हणाला तर पुढचा प्रश्न "बेसिक किती?" हाच पाहिजे. ऑफर लेटर आणि तिथल्या कामगार मंत्रालयात नोंदलेला करार, दोन्हींवर हा आकडा असतो. मंत्रालयाच्या MOHRE या मोबाईल ॲपवर स्वतःचा करार बघता येतो. आज तिथे असलेल्यांनी तो उघडून बेसिकची ओळ वाचावी आणि फोटो घरी पाठवून ठेवावा.

आकडा कमी होण्याची आणखी दोन कारणं आहेत. पहिलं बिनपगारी रजेचं. गणपतीला आले, आंब्याचा हंगाम करूनच गेले, असे जादा महिने नोकरीच्या काळात धरले जात नाहीत. वरच्याच कामगाराने आठ वर्षांत असे सहा महिने घेतले असतील तर 195 चे 180 दिवस होतात. दुसरं कारण, काही ठिकाणी दर दोन वर्षांनी करार नवा करताना "हिशेब चुकता" करतात. कायद्याने नूतनीकरण केलेला करार आधीच्या नोकरीतच जोडला जातो. पण दर वेळी नव्याने मोजलं तर माणूस कायम 21 दिवसांच्याच पायरीवर राहतो आणि आठ वर्षांचे 168 दिवसच भरतात. शिवाय ते सुटे पैसे दर सुट्टीत खर्च होऊन जातात.

सगळ्यात मोठा घोळ शेवटच्या आठवड्यात होतो. व्हिसा रद्द करायच्या कागदावर "माझे सर्व पैसे मिळाले" असा मजकूर असतो. तिकीट हातात असतं, घरची ओढ असते, आणि कंपनी सांगते की पैसे मागाहून खात्यात टाकू. एकदा सही झाली की मागाहून भांडायला आपल्याकडे कागदच उरत नाही. कायद्याप्रमाणे नोकरी संपल्यापासून 14 दिवसांत सगळे पैसे द्यावे लागतात. न मिळाल्यास दोन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि 50,000 दिरहमपर्यंतच्या वादाचा निकाल मंत्रालयच देतं. तक्रारीसाठी तिथला नंबर 80084 आहे. भारतीयांना सल्ला देणाऱ्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा नंबर 80046342. पण हे सगळं तिथे असतानाच सोपं. गावी येऊन फोनवरून करणं फार अवघड जातं.

हा हिशेब फक्त अमिरातीचा, आणि त्यातही घरकामगार व खाजगी घरातले ड्रायव्हर वेगळ्या कायद्यात येतात. सौदीत दर वेगळे आहेत आणि तिथे राजीनामा दिल्यास दोन वर्षांच्या आत काहीच मिळत नाही, दोन ते पाच वर्षांत फक्त एक तृतीयांश मिळतं.

आता दीड लाखाकडे घराच्या नजरेने बघू. महिन्याचा खर्च 15,000 असेल तर हे पैसे दहा महिने पुरतात. म्हणजे ग्रॅच्युइटी ही पेन्शन नाही, दुसरं काम उभं राहीपर्यंतचा आधार आहे. त्यातही ती वेगळ्या फंडात ठेवलेली नसते. बहुतेक ठिकाणी ती कंपनीच्याच वहीत असते, आणि कंपनी बुडाली तर अडकते. 2023 मध्ये तिथल्या सरकारने दरमहा फंडात पैसे भरायची योजना आणली, पण त्यात जायचं की नाही हे मालक ठरवतो.

म्हणून स्वतःची शिल्लक वेगळीच हवी. त्याच कामगाराने पहिल्या पगारापासून महिन्याला 150 दिरहम, म्हणजे साधारण 3,450 रुपये, बाजूला टाकले तर आठ वर्षांत व्याज सोडून 3 लाख 31 हजार होतात. ग्रॅच्युइटीच्या दुपटीहून जास्त. हे पैसे घरखर्चाच्या खात्यात न पाठवता स्वतःच्या नावावर NRE खात्यात मुदत ठेवीत ठेवावेत. परदेशात असेपर्यंत त्याच्या व्याजावर भारतात आयकर नाही. कायमचं परतल्यावर बँकेला कळवून ते खातं साधं करून घ्यावं लागतं.

बरेच जण याच पैशातून आंब्याची कलमं असलेली जागा घ्यायला बघतात. पण परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, फक्त वारसाने मिळू शकते. मग वडिलांच्या नावावर घेतली जाते. पैसे एकाचे असले तरी सातबारा वडिलांचा, आणि पुढे सगळी भावंडं त्यात वारस. त्यापेक्षा पैसे ठेवीत राहू द्यावेत आणि कायमचं परतल्यावर, शेतकरी दाखला हातात घेऊन, जमीन स्वतःच्या नावावर घ्यावी.