विश्लेषण : हिंगोलीच्या काळ्या जमिनीत सांडपाण्यासाठी ‘कर्दळीचा वाफा’ किती उपयोगी?

शेजारच्या नांदेड जिल्ह्यात शोषखड्ड्यांचा ‘नांदेड पॅटर्न’ गाजला. मात्र हिंगोलीत जिथे खोल काळी माती आहे, तिथे ओली माती फुगते, पाणी मुरत नाही आणि गटाराचे पाणी ओढ्यांतून कयाधूकडे वाहते. अशा गावांसाठी कृत्रिम पाणथळ हा पर्याय आहे. नागपूरच्या ‘नीरी’ने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ तंत्र विकसित केले आहे.

पाणी शुद्ध कोण करते?

कर्दळ किंवा पाणकणीस घाण ‘पिऊन टाकते’, हा गैरसमज आहे. झाडे नत्र आणि स्फुरद घेतात, पण एकूण नत्रातील त्यांचा वाटा बहुधा थोडाच असतो. झाडे वेळोवेळी कापून बाहेर नेली नाहीत, तर कुजून तेही पाण्यात परत येते. मुख्य काम खडीवर वाढणाऱ्या जिवाणूंच्या थराचे. मुळांजवळ प्राणवायू मिळतो तिथे अमोनियाचे नायट्रेट होते. प्राणवायू नसलेल्या भागात नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर होऊन तो हवेत जातो. आडव्या प्रवाहाच्या वाफ्यात प्राणवायू कमी असल्याने अमोनिया पूर्ण जात नाही. ही त्याची मर्यादा.

जागा किती लागेल?

हजार वस्तीचे गाव धरू. जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी ५५ लिटर पाणी आले आणि त्यातले ६५ टक्के गटारात गेले, तर रोज सुमारे ३६ हजार लिटर सांडपाणी होते. गाळ बसल्यावर त्याची बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचे माप, लिटरला १५० मिलिग्रॅम धरून ती ३० वर आणायची, तर उष्ण हवामानात सुमारे ४०० चौरस मीटर, म्हणजे चार गुंठे वाफा लागतो. खडी ६० सेंटिमीटर खोल आणि तिच्यात ४० टक्के पोकळी असेल, तर पाणी आत पावणेतीन दिवस राहते. १० बाय २० मीटरचे दोन वाफे केल्यास दुरुस्तीच्या वेळी एक चालू ठेवता येतो. खडीच सुमारे ८५ ब्रास लागते. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, म्हणून तळाला अस्तर हवेच.

बिघाड कसा ओळखायचा?

पाणी खडीखालून वाहायला हवे. ते आत शिरण्याच्या टोकाला वर दिसू लागले, तर खडी चोंदली आहे. याचे नेहमीचे कारण आधीच्या टाकीतला न उपसलेला गाळ. सेप्टिक टँकचे पाणी गटारात सोडले, तर घाणीचा भार वाढून चार गुंठ्यांचे गणित कोलमडते. अशा वेळी पहिल्या एक-दोन मीटरमधील खडी काढून धुवावी लागते.

पैसा कुठून?

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी कमाल २८० रुपये मिळतात. हजार वस्तीला ते २ लाख ८० हजार होतात. खडी, अस्तर आणि टाकी त्यात बसवताना गाळउपसा आणि झाडांची कापणी कोण करणार, हे ग्रामपंचायतीने आधीच ठरवले नाही, तर वाफा पुन्हा गटारच होतो.