नववी नायिका

गेल्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी चकल्यांचा डबा घेऊन घरी आली. बी. ए. ला असताना ती दुसऱ्या बाकावर बसत असे, आणि मी शिकवलेल्या गोष्टींपैकी निदान एक तरी तिच्या लक्षात राहिली आहे असे त्या दिवशी मला कळले. चहा घेता घेता ती म्हणाली, "सर, तुम्ही आम्हांला आठ नायिका शिकवल्या. नववी राहिली."

भरताच्या नाट्यशास्त्रापासून नायिका आठच. प्रियकराची वाट पाहत घर आणि अंग सजवणारी ती वासकसज्जा, भांडून त्याला घालवून देणारी आणि मग पस्तावणारी ती कलहांतरिता, आणि जिचा नवरा कामासाठी परदेशी गेला आहे ती प्रोषितभर्तृका. या शेवटच्या बाईवर आपल्या मुलखाने फार लिहिले आहे. हालाची गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेतली. तिच्या पानापानावर पांथस्थाची बायको भेटते. भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजणारी बाई तिथलीच. तिकडे मेघदूतातली यक्षपत्नी उंबरठ्यावर फुले मांडून उरलेले महिने मोजते. पण यक्ष घरी परतल्याचे कालिदासाने दाखवलेच नाही. निरोप संपतो आणि काव्यही संपते.

"म्हणून तर म्हणते," ती म्हणाली. "नवरा परत आलेली बाई, ती नववी."

तिची हकीकत तिच्याच परवानगीने, नावगाव न सांगता, इथे लिहीत आहे. घर अमरावतीला, माहेर अकोल्याला. ती शाळेत शिकवते. दोन मुले आहेत, आणि घरात सासूबाई. नवरा वीजवाहिन्यांचे मोठे मनोरे उभारणाऱ्या एका ठेकेदाराकडे पर्यवेक्षक आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला ईशान्येकडच्या डोंगरांतले काम मिळाले. तिकडचा पावसाळा मोठा. पायाचे खड्डे खणणे, काँक्रीट भरणे, मनोरा चढवणे आणि शेवटी तारा ओढणे हे सारे कोरड्या दिवसांतच उरकावे लागते. म्हणून दिवाळी झाली की माणूस निघतो तो जूनमध्येच परततो. गाथेतला पांथस्थही पावसाच्या आत घर गाठायला धडपडे, कारण पुढे वाटा बंद होत. दोन हजार वर्षांत एवढे एक मात्र बदललेले नाही.

सासूबाईंना यात नवल वाटले नाही. त्यांचे यजमान जिनात फिटर होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की तेही खानदेशात जात. "आमच्या वक्ती फोन नोता व माय," त्या सुनेला सांगत. "मनिआर्डरच्या फारमाले खाली एवढुशी चिठ्ठी राये, तिच्यात चार ओळी. तेवढ्यावर महिना काढा लागे."

पहिल्या वर्षी निघण्याच्या आधी दहा दिवस नवराबायकोत कडाक्याचे भांडण झाले. निमित्त गॅसच्या सिलिंडरचे, मग विम्याच्या हप्त्याचे, मग कशाचेच नाही. बडनेरा स्टेशनवर गाडी हलली तेव्हा तिला रडू आले नाही, सुटल्यासारखे वाटले, आणि परतताना रिक्षात त्याचीच लाज वाटली. आपले लग्नच मोडकळीला आले की काय, असे तिला आठवडाभर वाटत होते.

मी तिला कॅथलीन व्हेस्टल लोगन या बाईंबद्दल सांगितले. अमेरिकन नौदलातल्या कुटुंबांबरोबर त्यांनी काम केले आणि १९८७ मध्ये एका लेखात, सहा-सात महिने नवरा समुद्रावर असणाऱ्या बायकांच्या मनाचे सात टप्पे मांडले. त्यांतले पहिले दोन टप्पे नवरा निघण्याआधीचेच आहेत. आधी तो जाणार म्हणून जीव खालीवर होतो, आणि मग, तो अजून घरातच असताना, मन आपले दार लोटून घेते. दारात उभ्या असलेल्या माणसाला निरोप देण्यापेक्षा त्याच्यावर चिडणे सोपे जाते. ही दहा दिवसांची भांडणे बहुतेक घरांत होतात आणि बहुतेक घरांत ती शेवटची भांडणे ठरत नाहीत. "हे तुम्ही तीन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?" असे तिने विचारले. मी काय उत्तर देणार! तेव्हा मलाही ते ठाऊक नव्हते.

पुढचे सहा आठवडे झोप नाही. भाजी पाच जणांची होई, खाणारे कमी. पाण्याची मोटर जळली, धाकटीला ताप आला. शेजारणी मात्र खरोखर चांगल्या. त्यांनी तिला भिशीत घेतले, संक्रांतीला पाच घरी हळदीकुंकवाला नेले. "एकटी बसू नको, माणसांत राहा," असे जो तो सांगे. ती माणसांत राहिली. पण रात्री दहाला ओटा पुसून झाला की आतले रितेपण होते तसेच असे.

रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एकटेपणावर पुस्तक लिहिले. एकटेपण दोन जातींचे असते, असे त्याचे म्हणणे. एकात भोवतालची माणसे नसतात, आणि दुसऱ्यात एकच माणूस नसते. आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. भिशीतल्या पंधरा जणींना "आज मुख्याध्यापकांची चप्पल उलटी होती" हे कोण सांगणार? ते सांगायला एकच माणूस लागते, आणि ते डोंगरात होते.

मग फोन? फोन होता ना. रोज रात्री, रेंज असेल तर. आधी मुले बोलत, मग आई, आणि उरलेल्या तीन मिनिटांत "जेवलास?" "हो. तू?" "हो." मुलीचा ताप त्याला काळजी नको म्हणून तिने लपवला. मनोऱ्याचा पत्रा लागून पायाला आठ टाके पडले ते त्याने लपवले. ती खूण तिला जूनमध्ये दिसली. एकमेकांना जपता जपता दोघे रोज थोडे अनोळखी होत होते.

फेब्रुवारीत शाळेला सुट्या जोडून ती अकोल्याला गेली. अमरावती-अकोला हा रस्ता म्हणजे विक्रमाचा. २०२२ च्या जूनमध्ये ७२० माणसांनी रात्रंदिवस खपून १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर एकेरी डांबरी पट्टा घातला आणि गिनेस बुकात नाव गेले. बसमध्ये तिच्या मनात आले की तास मोजले, किलोमीटर मोजले, पण या ७२० जणांच्या घरी भिंतीवर कुणी रेघा ओढत होते का, ते काही कुणी मोजले नाही.

माहेरी चार दिवसांत तिला एकदाही हसू आले नाही. आईच्या हातची पाटवडीची आमटी मातीसारखी लागली. हे तिच्या वहिनीच्या लक्षात आले, आणि तिनेच तिला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी दोनच गोष्टी खोदून विचारल्या. असे किती दिवस चालले आहे, आणि आवडीच्या गोष्टीने घटकाभर तरी बरे वाटते का? नवऱ्याची आठवण येणारी बाई माहेरी फुलते, फोन वाजला की उजळते. दोन आठवड्यांहून अधिक काळ, बहुतेक सारा दिवस, कशानेच उजळत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर ते नुसते एकटेपण राहिले नाही, तो आजार झाला. तिला तीन आठवडे झाले होते. उपचार सुरू झाले आणि एप्रिलपर्यंत ती सावरली. (सरकारची 'टेलि-मानस' ही फोनसेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. तिला तो तेव्हा ठाऊक नव्हता.)

सावरली ती अशी की घरच नव्याने लावले. स्कूटर शिकली. बँक, विमा, मोटरवाला सारे तिच्या हाती आले. कपाट खिडकीशी सरकवले, रात्रीचे जेवण आठाला आणले, आणि मोठ्याला एकट्याने सायकलवर शिकवणीला जायची परवानगी दिली.

मग जून आला. त्या सकाळी ती अगदी पुस्तकातली वासकसज्जा होती. नवी साडी, दारात रांगोळी, आणि गाडीला दोन तास उशीर. पहिले तीन दिवस सणासारखे गेले. पाचव्या दिवशी त्याला किल्ल्या सापडेनात. "कुठं काय ठेवलंय हे मी माझ्याच घरात विचारत फिरू का?" सायकलची परवानगी मुलाने त्याच्यासमोर आईला विचारली, आणि त्याने ती रद्द केली. मुलाने आईकडे पाहिले. ते पाहणे त्याला झोंबले. रात्री तिला सात महिन्यांचे बोलायचे होते, त्याला झोपायचे होते. तंबूतल्या अरुंद खाटेची सवय झालेला माणूस पलंगाच्या कडेला अंग चोरून निजे. "तो शेजारी घोरत होता, सर, आणि मला फेब्रुवारीपेक्षा एकटं वाटत होतं."

मी कलहांतरितेचे नाव काढले. तिने मान हलवली. कलहांतरितेचा नवरा भांडून निघून तरी जातो, आणि मग पस्तावायला मोकळीक असते. इथे तो घरातच आहे, त्याला कुठे जायचे नाही, आणि त्याच्यासाठी जागा मात्र भरून गेलेली. लोगनबाईंच्या सातांतला सहावा टप्पा हाच. संसाराचा करार नव्याने ठरवण्याचा टप्पा, असे त्या म्हणतात. मला तो शब्द वकिली वाटतो, पण चूक वाटत नाही.

कोंडी सासूबाईंनी फोडली. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तुह्या सासऱ्याचंबी असंच होतं. ते नसले का मी घरची मालकीन, अन् आले का मी पुन्हा सून. मले ते आलेले आवडे, अन् नोतंबी आवडत. हे मी कोनाले सांगू?" चाळीस वर्षे त्यांनी ते कोणालाच सांगितले नव्हते. नवरा पलीकडच्या खोलीत होता. त्याने ऐकले असावे, कारण संध्याकाळी तो आपणहून विचारू लागला की मी नेमके काय करू?

त्यांनी काही गोष्टी वाटून घेतल्या. बँक तिच्याकडेच राहिली. मुलाचे गणित आणि रविवारची भाजी त्याच्याकडे गेली. आल्यावर पहिला आठवडा त्याने काही बदलायचे नाही आणि तिने त्याला काही सोपवायचे नाही. कपाट पुन्हा हलले नाही. सायकलवरून मात्र अजून वाद होतो. दुसऱ्या वर्षापासून फोनचाही एक नियम झाला. खुशाली मुले सांगतील, आणि ती दोघे एकमेकांना दिवसातली एक अगदी बिनमहत्त्वाची गोष्ट सांगतील. मुख्याध्यापकांची चप्पल आता डोंगरात पोहोचते. ताप आणि टाके लपवायचे नाहीत हेही ठरले. ते पाळले जाते की नाही, हे तिला पक्के माहीत नाही.

दुसऱ्या वर्षीची पाचव्या दिवसाची कुरबुर दोन दिवसांत आटोपली. या वर्षी ती झालीच नाही असे ती म्हणाली, आणि मग "झाली, थोडी," असे स्वतःच दुरुस्त केले.

जाताना तिने विचारले, "यक्षाचा शाप कधी संपतो हो, सर?"

"विष्णू शेषशय्येवरून उठतो तेव्हा. म्हणजे कार्तिकी एकादशीला."

ती बोटांवर मोजू लागली. पाडवा, भाऊबीज, मग पंचमी. "यांचं तिकीट दशमीचं आहे," ती म्हणाली. "तुमचा यक्ष घरी निघतो त्याच्या आदल्या दिवशी आमचा बाहेर पडतो."

"भांडणं सुरू झाली का?" मी विचारले.

"कालच. सिलिंडरवरून." आणि रिकामा डबा पिशवीत घालून ती हसत पायऱ्या उतरली.