सात वर्षं झाली की मुलगा बापाचा?

परळला आमच्या चाळीत शेजारच्या भाभींचा खुला झाला, तेव्हा त्यांचा मुलगा साडेसहा वर्षांचा होता. एका रात्री त्या आमच्या दारात येऊन म्हणाल्या, "भाई, पोराला सात पूर्ण झाले की ते लोक खरंच घेऊन जातील का?" सासरच्यांनी त्यांना तेवढंच सांगितलं होतं. मी वकील नाही, पण पुढे त्यांच्यासोबत वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात अनेकदा गेलो. तिथे जे कळलं ते आपल्यातल्या प्रत्येक तरुणाला माहीत असावं असं मला वाटतं.

सातचा आकडा हवेतून आलेला नाही. हनफी फिकहप्रमाणे मुलगा सात वर्षांपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. या सांभाळाच्या हक्काला हिजानत म्हणतात. शिया परंपरेत हे वय वेगळं आहे. म्हणजे हा आकडा कुरआनात नाही, तो फकीहांनी आपापल्या काळातली घरं पाहून ठरवला. पण आपल्याकडे तो तारखेसारखा वापरला जातो: वाढदिवस आला, पोरगं उचला.

न्यायालय तसं पाहत नाही. ताब्याचा अर्ज १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली होतो. त्याच्या कलम १७ प्रमाणे न्यायाधीश व्यक्तिगत कायदा लक्षात घेतात, पण निर्णय मुलाच्या हिताचा असावा लागतो. मुलाचं वय, लिंग, धर्म, सांभाळणाऱ्याची वागणूक आणि कुवत, मुलाशी त्याचं नातं हे सगळं पाहिलं जातं. मूल समजूतदार असेल तर त्याची इच्छाही विचारतात. त्यासाठी कायद्यात ठरावीक वय नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे नेमका हाच प्रश्न आला होता. मुलगा नऊ वर्षांचा, कुटुंब मुस्लिम. निलंग्याच्या न्यायालयाने ताबा वडिलांकडे देण्याचा आदेश दिला होता. न्यायमूर्ती शैलेश ब्रह्मे स्वतः मुलाशी बोलले. त्याची आईशी घट्ट ओढ त्यांना दिसली. व्यक्तिगत कायदा आणि मुलाचं हित समोरासमोर आले तर हिताचं पारडं जड, असं म्हणत त्यांनी मुलगा आईकडे ठेवला.

म्हणून भाभींना आम्ही कागद जमवायला सांगितलं: शाळेचा दाखला आणि हजेरी, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, कामावर असताना मूल नानीकडे राहतं याची माहिती. रोजचा सांभाळ कोण करतं ते यातून दिसतं. त्यांचा पगार नवऱ्यापेक्षा कमी होता, पण केवळ त्या कारणाने ताबा जात नाही. पैशाची बाजू बापाकडून खर्च मागून सांभाळता येते.

न्यायालयातल्या समुपदेशकांसमोर दोघांनी बसून जे ठरवलं, ते असं: मुलगा आईकडे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी अकरापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत अब्बांकडे. मे आणि दिवाळीच्या सुट्ट्या अर्ध्या-अर्ध्या. ईदची नमाज अब्बांसोबत, दुपारनंतर आईकडे. बुधवारी व्हिडिओ कॉल. पहिल्या काही भेटी न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत झाल्या, कारण मुलगा बिचकत होता. मला यातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते ती वेळ आणि जागा लिहिलेली असणं. 'कधीही भेटा' असं मोघम लिहिलं की पहिल्याच भांडणात भेट बंद पडते.

तसंच झालं. दोन महिने खर्च आला नाही, तेव्हा भाभींनी भेट थांबवली. वकिलांनी त्यांना रागावून सांगितलं की खर्च न देणं आणि भेट न देणं या दोन वेगळ्या चुका आहेत. खर्चाची वसुली अर्ज करून होते. भेट अडवली तर तीच गोष्ट पुढे आईच्या विरोधात मांडली जाते. उलट बापाने शनिवारी नेलेलं मूल रविवारी परत आणलं नाही, तर तोही स्वतःचीच बाजू कमकुवत करतो.

ताब्याचा आदेश कायमचा नसतो. मूल वाढलं, कोणी गाव बदललं किंवा परिस्थिती बदलली, तर तो बदलून मागता येतो. त्यामुळे हरलेल्या बापासाठीही दार बंद होत नाही. पण ते दार सातव्या वाढदिवसाने उघडत नाही. दर दुसऱ्या शनिवारी वेळेवर येणाऱ्या माणसासाठी ते उघडतं. आमच्या चाळीतला तो मुलगा आता आठ वर्षांचा आहे, आणि शनिवारी अकराला जिन्यावर बॅग घेऊन उभा असतो.